जोडलंय, पण पुढे सरकत नाही: आयपीव्ही6, एमटीयू आणि वाटेत गडप होणारी मोठी पॅकेटं

माझ्या भाच्याच्या कन्सोलने आठवडाभर त्याला छळलं होतं. मित्रांची यादी दिसायची, आधीपासून असलेला खेळ ऑनलाइन चालायचा, समोरच्याशी बोलताही यायचं. पण स्टोअर उघडलं की नुसती नावं यायची, चित्रांच्या जागी करड्या चौकटी. अपडेट शून्य टक्क्यांवर बसून राहायचं. खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत जायला गेलं की गोल फिरत राहायचं आणि दोन-तीन मिनिटांनी एररचा आकडा. कन्सोलची स्वतःची नेटवर्क चाचणी मात्र "इंटरनेट जोडलेलं आहे" असंच सांगायची.

"मामा, फोनवर सगळं नीट चालतंय, त्याच वायफायवर. मग कन्सोललाच काय झालंय?" त्याने विचारलं. तोवर त्याने कन्सोल दोनदा फॅक्टरी रीसेट केला होता आणि राउटरमध्ये चार पोर्टही उघडून ठेवले होते. दोन्हींचा काही उपयोग झाला नव्हता आणि होणारही नव्हता. कारण बिघाड कन्सोलमध्ये नव्हता, पोर्टमध्येही नव्हता. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने काही दिवसांपूर्वी राउटरचं फर्मवेअर बदललं होतं आणि त्यात आयपीव्ही6, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, सुरू झाली होती. दुखणं तिथून सुरू झालं. ते नेमकं काय होतं ते सांगतो, कारण हा प्रकार बऱ्याच घरांत होतो आणि शेवटी बहुतेक जण कंटाळून आयपीव्ही6 बंद करून टाकतात.

आधी पॅकेटच्या मापाचं बोलू. इंटरनेटवर काहीही पाठवायचं तर ते तुकड्यांत जातं, आणि एका तुकड्यात जास्तीत जास्त किती बाइट मावतील याला मर्यादा असते. तिला एमटीयू म्हणतात. घरातल्या इथरनेटवर आणि वायफायवर ही मर्यादा साधारणपणे 1500 बाइट असते. पण राउटरपासून बाहेर जाणारी लाइन बऱ्याचदा पीपीपीओई पद्धतीची असते. राउटरमध्ये इंटरनेटसाठी युजरनेम-पासवर्ड भरलेला असेल तर तुमची लाइन बहुधा याच पद्धतीची आहे. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटला स्वतःचं 8 बाइटचं वेष्टन चढवतं. वेष्टनासकट सगळं 1500 मध्ये बसवायचं, म्हणून आतल्या पॅकेटसाठी 1492 उरतात. म्हणजे घरात 1500 चं पॅकेट चालतं आणि दाराबाहेर 1492 चं. हा 8 बाइटचा फरक 1999 पासून, म्हणजे पीपीपीओई आलं तेव्हापासून आहे. इतकी वर्षं तो जाणवला नाही, कारण राउटर तो गुपचूप सांभाळून घेत आले.

सांभाळून कसं घेतात ते कळलं की निम्मं कोडं सुटतं. कन्सोल एखाद्या सर्व्हरशी टीसीपी जोडणी करतो तेव्हा पहिल्याच पॅकेटमध्ये, ज्याला सिन म्हणतात, तो समोरच्याला सांगतो की माझ्याकडे एका पॅकेटात इतकाच मजकूर पाठव. या आकड्याचं नाव एमएसएस. जुन्या आयपीव्ही4 मध्ये आयपीचं शीर्ष 20 बाइट आणि टीसीपीचं 20, म्हणून 1500 मधून 40 वजा जाऊन कन्सोल 1460 सांगतो. हे सिन पॅकेट राउटरमधून जात असताना राउटर त्यातला आकडा खोडून 1452 लिहितो. सर्व्हरला वाटतं, पलीकडच्याने 1452 च मागितलेत. तो तेवढंच भरतो, पॅकेट 1492 चं होतं आणि अरुंद लाइनमधून अलगद येतं. कन्सोलला काही कळत नाही, सर्व्हरलाही नाही. याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. आयपीव्ही4 वर घरोघरी चाललेलं इंटरनेट कितीतरी प्रमाणात या एका छोट्या लबाडीवर उभं आहे. माझ्या मते ही लबाडी चांगली आहे.

आयपीव्ही6 मध्ये दोन गोष्टी बदलतात. पत्ता 32 बिटांऐवजी 128 बिटांचा होतो, त्यामुळे आयपीचं शीर्ष 20 ऐवजी 40 बाइटचं होतं. म्हणून 1500 च्या लाइनवर एमएसएस 1440 आणि 1492 च्या लाइनवर 1432. हा फरक किरकोळ आहे. दुसरा बदल मोठा. आयपीव्ही4 मध्ये वाटेतला एखादा राउटर, पॅकेटवर तशी मनाई केलेली नसेल तर, मोठ्या पॅकेटचे तुकडे करून पुढे पाठवू शकतो. आयपीव्ही6 मध्ये वाटेतल्या कोणत्याही राउटरला तुकडे करायची मुभाच नाही. पॅकेट मावत नसेल तर त्याने ते टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला एक निरोप धाडायचा: "पॅकेट फार मोठं आहे, माझ्याकडे 1492 पर्यंतच मावतं." हा निरोप आयसीएमपीव्ही6 या प्रकारच्या पॅकेटमधून जातो. तो मिळाला की पाठवणारा माप कमी करून तेच पुन्हा पाठवतो. रचना सुटसुटीत आहे आणि निरोप पोचला तर ती छान चालते.

निरोप पोचला नाही तर काय, इथे सगळी मेख आहे. पाठवणारा त्याच मापाचं पॅकेट पुन्हा पाठवतो, ते पुन्हा टाकलं जातं, तो थोडा थांबून पुन्हा पाठवतो. दोन्ही टोकांना वाटतं की जोडणी जिवंत आहे. कुठेही "नकार" असा येत नाही, नुसती शांतता. नेटवर्कवाले याला ब्लॅक होल म्हणतात.

भाच्याच्या घरी नेमकं हेच झालं होतं. नव्या फर्मवेअरने आयपीव्ही6 सुरू केलं, पण क्लॅम्पिंगचा नियम फक्त आयपीव्ही4 साठी ठेवला. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये ही चूक सहज होते, कारण जुन्या पद्धतीत आयपीव्ही4 चे नियम `iptables` मध्ये आणि आयपीव्ही6 चे `ip6tables` मध्ये असे वेगवेगळे लिहावे लागतात. एकीकडे लिहिलं आणि दुसरीकडे राहिलं, असं होतं. वर राउटर घरातल्या यंत्रांना आयपीव्ही6 चा पत्ता घ्यायला सांगणारी जी घोषणा करतो, राउटर अ‍ॅडव्हर्टाइझमेंट, तिच्यात एमटीयूचा आकडाही देता येतो. तोही दिलेला नव्हता. त्यामुळे कन्सोलने घरातल्या वायफायकडे बघून 1500 धरलं आणि सर्व्हरला 1440 सांगितलं. सर्व्हरने 1500 ची पॅकेटं पाठवली. ती आली कुठपर्यंत? सेवा देणाऱ्या कंपनीच्या त्या यंत्रापर्यंत, जिथून पीपीपीओईची लाइन सुरू होते. तिथे 1492 ची मर्यादा, म्हणून पॅकेट टाकलं गेलं.

निरोप निघाला असेलही, पण सर्व्हरला मिळाला नाही. याची कारणं साधारण ठरलेली असतात. कोणीतरी "आयसीएमपी धोकादायक असतं" अशा समजुतीने फायरवॉलमध्ये ते सरसकट अडवलेलं असतं. किंवा निरोप पाठवणारं यंत्र सेकंदाला ठरावीकच निरोप धाडतं आणि गर्दीत बाकीचे सोडून देतं. किंवा ज्या पत्त्यावर निरोप गेला त्या एका पत्त्यामागे डझनभर सर्व्हर उभे असतात आणि वाटणी करणारं यंत्र निरोप भलत्याच सर्व्हरच्या हाती देतं. मोठ्या डाउनलोड सेवांमध्ये हे तिसरं कारण खरोखर घडतं, आणि घरात बसून त्यावर आपल्याला काहीही करता येत नाही. म्हणून दुरुस्ती आपल्या टोकाला करावी लागते.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. खेळ चालतो आणि स्टोअर का चालत नाही?

खेळ चालू असताना जाणारी-येणारी पॅकेटं लहान असतात, बहुतेक वेळा काहीशे बाइटची. आवाजाची तर त्याहून लहान. 1492 च्या आसपास ती फिरकतच नाहीत. मित्रांची यादी, "मी ऑनलाइन आहे" हा संदेश, हेही लहान. पण सुरक्षित जोडणी सुरू होताना सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो, ते सहसा दोन-चार हजार बाइटचं असतं, म्हणजे पहिल्याच दमात पूर्ण भरलेली पॅकेटं. चित्रं आणि अपडेट तर सगळी पूर्ण भरलेल्या पॅकेटांचीच रांग. म्हणून जे लहान ते चालतं आणि जे मोठं ते अडकतं. आधीपासून उघडी असलेली जोडणी चालू राहते, नवं लॉगिन अडतं. या दुखण्याची मुख्य खूण हीच, आणि ती एकदा ओळखता आली की पोर्ट, नॅट टाइप, डीएनएस यांच्या मागे वेळ जात नाही.

मग त्याच वायफायवर फोन कसा चालतो? आजचे बरेच ब्राउझर आणि अ‍ॅप टीसीपीऐवजी क्विक या पद्धतीने बोलतात. क्विकची सुरुवात 1200 बाइटच्या आसपासच्या पॅकेटांनी होते, आणि त्याहून मोठं पाठवण्याआधी ती वाट किती रुंद आहे हे स्वतः चाचपून बघते. त्यामुळे 1492 चा उंबरठा तिला बोचत नाही. कन्सोलचं स्टोअर आणि अपडेट सहसा साध्या टीसीपीवर चालतात. ते थेट उंबरठ्यावर आपटतात.

इथे एक रास्त शंका येते. आयपीव्ही6 बिघडलं असेल तर यंत्रं आपोआप आयपीव्ही4 वर जातात ना? तशी सोय आहे. तिचं नाव हॅपी आयबॉल्स. यंत्र आधी आयपीव्ही6 ने जोडायचा प्रयत्न करतं, आणि साधारण पाव सेकंदात उत्तर आलं नाही तर आयपीव्ही4 चाही प्रयत्न सुरू करतं. जे आधी जोडलं जाईल ते वापरायचं. पण जोडणी करताना होणारी देवाणघेवाण जेमतेम 60 ते 80 बाइटच्या पॅकेटांची असते. ती आयपीव्ही6 वर व्यवस्थित पार पडते, शर्यत आयपीव्ही6 जिंकतं, आणि त्यानंतर पहिलं मोठं पॅकेट गडप होतं. तोवर निर्णय झालेला असतो. म्हणून आयपीव्ही6 अजिबात नसण्यापेक्षा अर्धवट चालणारं आयपीव्ही6 जास्त त्रासदायक ठरतं.

कधी कधी सगळं अचानक सुरळीत होतं आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा बिघडतं, तेही याच हिशेबात बसतं. निरोप क्वचित एखाद्या सर्व्हरला पोचतो. तो सर्व्हर "या पत्त्याकडे 1492" अशी नोंद ठेवतो आणि त्याच्याकडून सगळं नीट येऊ लागतं. ही नोंद कायमची नसते. ठराविक काळाने, शिफारस 10 मिनिटांची आहे, तो पुन्हा मोठं पॅकेट पाठवून बघतो. काही सर्व्हर तर निरोपाशिवायही, बराच वेळ पोच न आल्याने, स्वतःहून माप कमी करून बघतात. अशा वेळी चित्र दहा-वीस सेकंदांनी का होईना, उमटतं. बघणाऱ्याला मात्र वाटतं की कन्सोलची लहर आहे.

निदान कसं केलं ते सांगतो. कन्सोलवर फारसं काही तपासता येत नाही, म्हणून त्याच वायफायवर लिनक्सचा लॅपटॉप घेतला. आधी जो सर्व्हर पिंगला आयपीव्ही6 वर उत्तर देतो असा निवडायचा, मग लहान पिंग आणि मोठे पिंग. खालच्या आज्ञांमध्ये `example.com` च्या जागी तो सर्व्हर टाका.

```
ping -6 -c 3 example.com
ping -6 -c 3 -M do -s 1444 example.com
ping -6 -c 3 -M do -s 1452 example.com
```

आकडे असे आले: आयपीव्ही6 चं शीर्ष 40, पिंगचं 8, म्हणजे 48. 1444 अधिक 48 म्हणजे 1492, आणि 1452 अधिक 48 म्हणजे 1500. पहिली आज्ञा चालली, दुसरीही चालली. तिसऱ्या आज्ञेला घरच्या राउटरकडून उत्तर आलं: `Packet too big: mtu=1492`. म्हणजे बाहेर जाणाऱ्या दिशेला निरोपाची व्यवस्था ठीक होती. राउटर आपलं काम करत होता आणि लॅपटॉपला निरोप मिळत होता. पहिल्या दोन चालून तिसरीला नुसती शांतता मिळाली असती, तर याही दिशेला ब्लॅक होल आहे असा अर्थ झाला असता. लहान पिंगलाच उत्तर नसेल तर त्या सर्व्हरवरून काहीच अनुमान काढू नये, दुसरा सर्व्हर घ्यावा.

बाहेरून आत येणारी दिशा पिंगने नीट कळत नाही. तिच्यासाठी खरीखुरी टीसीपी जोडणी करून बघावी लागते, एकदा आयपीव्ही6 वरून आणि एकदा आयपीव्ही4 वरून. ज्या सेवेचं पान उघडत नाही तिचाच पत्ता वापरला तर उत्तम.

```
curl -6 --http1.1 -v -o /dev/null https://example.com/
curl -4 --http1.1 -v -o /dev/null https://example.com/
```

दुसरी आज्ञा अर्ध्या सेकंदात संपली. पहिली `TLS handshake, Client hello (1)` ही ओळ छापून थांबली, आणि थांबूनच राहिली. जोडणी झाली, आपण नमस्कार केला, समोरून काही आलं नाही. आयपीव्ही6 वर इथेच अडणं आणि आयपीव्ही4 वर न अडणं, यावरून माझी जवळजवळ खात्री पटली.

उरलेली खात्री राउटरवर पॅकेटं बघून पटली. त्या राउटरमध्ये कमांड लाइन होती, म्हणून घरातल्या बाजूला `tcpdump` लावलं.

```
tcpdump -ni br-lan 'ip6 and tcp port 443'
```

कन्सोलच्या सिन पॅकेटमध्ये `mss 1440` स्पष्ट दिसत होतं. बाहेरच्या बाजूला बघितलं तर आयपीव्ही6 च्या सिनमध्ये तोच 1440, आयपीव्ही4 च्या सिनमध्ये मात्र 1452 लिहिलेलं. म्हणजे राउटर आयपीव्ही4 चा आकडा बदलत होता, आयपीव्ही6 चा नाही. पुढे जे दिसलं ते मला सगळ्यात बोलकं वाटलं. सर्व्हरकडून येणाऱ्या मजकुराचा पहिला बाइट 1 क्रमांकाचा असायला हवा. पण पहिलं पॅकेट आलं ते `seq 2881:3701` असं. हिशेब करा. सर्व्हरने 3700 बाइट पाठवले, 1440, 1440 आणि उरलेले 820. पहिली दोन पॅकेटं पूर्ण भरलेली, 1500 ची, ती दोन्ही वाटेत टाकली गेली. तिसरं लहान होतं म्हणून ते एकटंच आत आलं. कन्सोल इमानेइतबारे सांगत होता की मला अजून 1 पासून पाहिजे, आणि सर्व्हर तीच 1500 ची पॅकेटं पुन्हा पुन्हा धाडत होता. शेपूट आलं, धड वाटेत राहिलं. असं चित्र दिसलं की मापाचाच घोटाळा आहे. वायफाय कमकुवत असतं तर लहान-मोठी सगळीच पॅकेटं अधूनमधून हरवली असती, नेमकी पूर्ण भरलेलीच नाही.

दुरुस्ती दोन जागी केली. पहिली, आयपीव्ही6 साठीही क्लॅम्पिंग. बऱ्याच राउटरांच्या पानावर यासाठी खूण करायची चौकट असते, कुठे `MSS clamping`, कुठे `TCP MSS`. आकडा मागितला तर 1492 च्या लाइनवर आयपीव्ही6 साठी 1432 द्यायचा, 1452 नाही. घाईत लोक आयपीव्ही4 चाच आकडा इथे भरतात, मग पॅकेट 1512 चं होऊ शकतं आणि मुळातली अडचण तशीच राहते. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या राउटरवर बाहेरच्या झोनला `option mtu_fix '1'` असलं की दोन्ही आयपींचं काम होतं. हाताने नियम लिहायचा तर तो असा:

```
ip6tables -t mangle -A FORWARD -p tcp \
  --tcp-flags SYN,RST SYN -j TCPMSS --clamp-mss-to-pmtu
```

पण क्लॅम्पिंगला एक मर्यादा आहे. ते फक्त टीसीपीला लागू पडतं, कारण एमएसएस हा आकडा टीसीपीतच असतो. यूडीपीवरून, म्हणजे टीसीपी सोडून दुसऱ्या पद्धतीने, मोठं पॅकेट पाठवणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून दुसरी दुरुस्ती: राउटरच्या आयपीव्ही6 घोषणेतच एमटीयू 1492 द्यायला लावला. राउटरमध्ये `radvd` असेल तर ती ओळ `AdvLinkMTU 1492;` अशी असते. इतर राउटरांवर लॅनच्या आयपीव्ही6 पानावर राउटर अ‍ॅडव्हर्टाइझमेंटच्या खाली एमटीयूचा रकाना असतो. हे केलं की घरातली यंत्रं आयपीव्ही6 साठी मुळातच 1492 धरतात, टीसीपीत 1432 सांगतात आणि स्वतः पाठवतानाही तेवढंच भरतात. आयपीव्ही4 ला आणि घरातल्या इतर कामांना हात लागत नाही. दोन्हींपैकी एकच करता येत असेल तर मी ही दुसरी आधी करेन.

यानंतर कन्सोल पूर्ण बंद करून सुरू केला, म्हणजे त्याने राउटरची नवी घोषणा ऐकली. `tcpdump` मध्ये `mss 1432` दिसलं, `seq` 1 पासून सुरू झाला, आणि स्टोअरमधली चित्रं एका दमात भरली. भाच्याचं अपडेट शून्यावरून हललं तेव्हा त्याच्याइतकाच मीही खूश होतो.

राउटरच्या पानावर असं काहीच नसेल तर? काही कन्सोलमध्ये एमटीयू हाताने भरता येतो. प्लेस्टेशनच्या आणि निन्टेंडो स्विचच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तो रकाना आहे. स्विचवर तर सुरुवातीपासूनच 1400 भरलेलं असतं, त्यामुळे 8 बाइटचा हा उंबरठा त्याला लागत नाही. एक्सबॉक्समध्ये असा रकाना नाही, तिथे राउटरकडेच जावं लागतं.

आकडा कमी करताना मात्र हात आखडता घ्यावा. "एमटीयू 1200 करा, सगळं चालेल" असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. आयपीव्ही6 च्या नियमानुसार प्रत्येक लाइनवर किमान 1280 बाइट मावलेच पाहिजेत. राउटरच्या बाहेरच्या लाइनचा एमटीयू 1280 च्या खाली नेला तर लिनक्स त्या जोडणीवर आयपीव्ही6 चुपचाप बंदच करतं. अडचण मिटल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात आयपीव्ही6 गेलेलं असतं आणि आयपीव्ही4 ची पॅकेटंही विनाकारण बारीक होतात. 1280 ठेवलं तरी एक्सबॉक्स तक्रार करतो, कारण त्याच्या ऑनलाइन सेवेला किमान 1384 चा एमटीयू लागतो. म्हणजे एका दुखण्यावरचा उपाय दुसरं दुखणं आणतो. लाइन पीपीपीओईची असेल तर 1492 च बरोबर. आयपीव्ही6 बोगद्यातून येत असेल, म्हणजे आयपीव्ही4 च्या पॅकेटात गुंडाळून, तर आणखी 20 बाइट जातात. 1500 च्या लाइनवर 1480 आणि पीपीपीओईवर 1472. आकडा अंदाजाने भरू नये. वरच्या पिंगमध्ये `-s` चा आकडा थोडा थोडा कमी करत जावं, जिथे पहिल्यांदा उत्तर येईल त्यात 48 मिळवले की तुमच्या वाटेचं माप मिळतं.

उलट दिशेनेही एक चूक होते. काही कंपन्या पीपीपीओईवर पूर्ण 1500 देतात. त्यासाठी राउटरच्या बाहेरच्या पोर्टवर 1508 बाइटची फ्रेम जावी लागते, आणि कंपनीच्या टोकालाही ती चालावी लागते. दोन्ही टोकांना सोय असेल तर यापेक्षा स्वच्छ उपाय नाही, क्लॅम्पिंगची गरजच उरत नाही. पण कंपनीकडून होकार न घेता आपल्याच राउटरवर 1508 भरलं तर 1500 ची पॅकेटं बाहेर पडतात आणि पलीकडे गडप होतात. मग हा ब्लॅक होल आपण स्वतःच घरात आणलेला असतो.

फायरवॉलच्या पानावरची एक खूण आवर्जून बघावी: आयसीएमपी अडवण्याची. आयपीव्ही4 च्या दिवसांत "पिंगला उत्तर देऊ नका" हा सल्ला बऱ्यापैकी निरुपद्रवी होता. ती खूण फक्त पिंगपुरती असेल तर आजही हरकत नाही. पण काही राउटरांत तीच खूण सगळं आयसीएमपीव्ही6 अडवते. त्यात "पॅकेट फार मोठं" हा निरोपही जातो, मग वाटेत आणखी कुठे अरुंद जागा असली तर कन्सोलने वर पाठवलेलं मोठं पॅकेट हरवतं आणि त्याला पत्ताच लागत नाही. खेळाची प्रगती क्लाउडवर जतन होत नाही, स्क्रीनशॉट अपलोड होत नाही, आणि डाउनलोड मात्र झकास चालतं, असं उलटं चित्र दिसलं तर आधी इथे बघावं. आयपीव्ही6 मध्ये कोणते निरोप अडवू नयेत याची सविस्तर शिफारस आरएफसी 4890 मध्ये 2007 पासून लिहिलेली आहे आणि "पॅकेट फार मोठं" त्यात स्पष्ट आहे.

आणि आयपीव्ही6 बंद करावं का? निदानासाठी दहा मिनिटं बंद करून बघणं योग्यच. बंद केल्यावर स्टोअर लगेच उघडलं, तर ते क्लॅम्पिंग फक्त आयपीव्ही4 वर असल्याचं चांगलं लक्षण आहे. पण ते तसंच सोडू नये. बऱ्याच कंपन्या आता आयपीव्ही4 चा एकच पत्ता अनेक घरांत वाटून देतात. अशा लाइनवर कन्सोलला थेट दुसऱ्या कन्सोलशी जोडायला आयपीव्ही4 त अडचण येते, आणि नॅट टाइप कडक दाखवला जातो. आयपीव्ही6 वर प्रत्येक कन्सोलला स्वतःचा पत्ता असतो. भाच्याच्या घरी हेच दिसलं. आयपीव्ही6 बंद केलं तेव्हा स्टोअर चाललं, पण मित्रांबरोबरच्या खेळात जोडणी तुटू लागली. 1492 देऊन आयपीव्ही6 चालू ठेवलं तेव्हा दोन्ही चाललं, आणि त्याने उघडून ठेवलेले ते चार पोर्ट आम्ही बंद करून टाकले.